नामंजूर रकान्यात नेमकं कोण असतं

डिसेंबरात नागपूर दोन आठवडे राजधानी होतं. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, पोलिसांच्या कठड्यापाशी अडतात, शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जातं. त्याच सुमारास विधानभवनात प्रश्नोत्तरांच्या याद्या वाटल्या जातात. 2006 च्या वनहक्क अधिनियमाखाली जंगलात राहणाऱ्यांनी कसत्या जमिनीवर आणि जंगलावर केलेल्या दाव्यांवरचा एखादा प्रश्न त्यात असतोच आणि त्याच्या उत्तरात तोच ओळखीचा तक्ता: प्राप्त दावे, मंजूर, नामंजूर, प्रलंबित. संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असते. तक्त्यातल्या दोन आकड्यांचा भागाकार केला की मथळा तयार होतो. मी अनेक वर्षं या बातम्या लिहीत आले आहे. या तक्त्याचा नामंजूर हा रकाना सगळ्यांत जास्त छापला जातो आणि सगळ्यांत कमी वाचला जातो, असं माझं ठाम मत आहे.

आधी आकडेच बघू. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालय दर महिन्याला राज्यांकडून आलेल्या माहितीचा अहवाल काढतं. 31 मे 2025 पर्यंतच्या अहवालानुसार देशभरात ग्रामसभांकडे साधारण 51.23 लाख दावे दाखल झाले. त्यातल्या 25.11 लाखांना हक्क मिळाले, 18.62 लाख नामंजूर झाले आणि जवळपास साडेसात लाख प्रलंबित होते. महाराष्ट्राच्या ओळीत 4.09 लाख दावे आहेत, 2.08 लाख मंजूर आणि 1.72 लाखांच्या आसपास नामंजूर.

आता याच एका ओळीवरून दोन वार्ताहर दोन बातम्या देऊ शकतात आणि दोघांचंही गणित बरोबर असतं. देशाच्या आकड्यात मंजूर आणि नामंजूर यांची बेरीज होते 43.73 लाख. एकूण दाव्यांच्या ती 85 टक्के आहे, म्हणून सरकारी पत्रकात येतं की 85 टक्के दावे निकाली निघाले. हे वाक्य खोटं नाही. फक्त या 85 मध्ये ज्याला पट्टा मिळाला तो आणि ज्याला नाही म्हणून सांगितलं तो, दोघं एकाच यशाच्या खात्यात जमा आहेत. दुसरा वार्ताहर नामंजूर दाव्यांना एकूण दाव्यांनी भागतो आणि लिहितो, 36 टक्के नामंजूर. पण ज्यांच्यावर अजून निर्णयच झालेला नाही त्यांना छेदात ठेवून हा आकडा निघतो. निर्णय झालेल्यांपुरतं पाहिलं तर नामंजुरीचं प्रमाण 43 टक्के येतं. महाराष्ट्रात हाच हिशेब 45 टक्क्यांवर जातो. प्रलंबित दावे उद्या निकाली निघाले तर पहिला आकडा हलेल, दुसराही हलेल, आणि वाचकाला वाटेल की धोरण बदललं. म्हणून मी मथळ्यात टक्केवारी दिली तर छेद कोणता ते त्याच वाक्यात लिहिते. संपादकाला ते लांबलचक वाटतं, पण त्यावर मी मागे हटत नाही.

या आकड्यांमध्ये आणखी एक मोठी सरमिसळ आहे. वैयक्तिक दावा म्हणजे एका कुटुंबाची कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर. सामूहिक दावा म्हणजे अख्ख्या गावाचं जंगल. तक्त्याच्या बेरजेत मात्र दोन्ही प्रत्येकी एक. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये मिळालेला सामूहिक हक्क 1,809.61 हेक्टरांचा आहे, आणि तो बेरजेत एकच धरला जातो. शेजारच्या कुठल्या तरी गावात अर्धा हेक्टर मिळालेलं कुटुंबही एकच. महाराष्ट्रात सामूहिक दावे 11 हजारांच्या वर आहेत आणि त्यातल्या साधारण 77 टक्क्यांना हक्क मिळाले. वैयक्तिक दाव्यांमध्ये हे प्रमाण 50 टक्के आहे. एकत्र बेरजेत वैयक्तिक दावे इतके जास्त आहेत की सामूहिक हक्कांची कहाणी त्यात दिसेनाशी होते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार ग्रामसभांनी हातात घेतला, तिथली खरी घडामोड या बेरजेतून कधीच कळणार नाही. याबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं. इथे मला नामंजूर रकान्याकडेच परत यायचंय.

दाव्याचा प्रवास कागदावर असा आहे. गावची वनहक्क समिती दावा घेते, जागेवर जाऊन पडताळणी करते, पंचनामा होतो. मग ग्रामसभा ठराव करते. ठराव उपविभागस्तरीय समितीकडे जातो, तिचे अध्यक्ष उपविभागीय अधिकारी. तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे, आणि अंतिम निर्णय तिचा. म्हणजे दावा तीन ठिकाणी अडू शकतो. ग्रामसभेने नाकारलेला दावा, प्रांताच्या बैठकीत अडलेला दावा आणि जिल्ह्याने नाकारलेला दावा, हे तीन निरनिराळे प्रसंग आहेत. पहिल्यात गावानेच म्हटलं की हा माणूस इथे कसत नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्यात गाव म्हणतंय की कसत होता आणि अधिकारी म्हणताहेत की आम्हाला पटत नाही. कायद्याच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मंत्रालयाच्या गोषवाऱ्यात मात्र सगळे एका रकान्यात येतात.

तीन वेगळ्या प्रसंगांची बेरीज किती फसवी ठरते, हे 2019 च्या फेब्रुवारीत दिसलं. 13 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून काढण्याबाबत राज्यांना आदेश दिला, आणि 28 फेब्रुवारीला स्वतःच त्याला स्थगिती दिली. त्या आदेशात राज्यांच्या शपथपत्रांतले आकडे आहेत. महाराष्ट्राचे नामंजूर दावे तिथे 22,509 दिसतात: 13,712 अनुसूचित जमातींचे आणि 8,797 इतर पारंपरिक वननिवासींचे, म्हणजे पिढ्यानपिढ्या जंगलावर जगणाऱ्या पण अनुसूचित जमातीत नसलेल्यांचे. मंत्रालयाच्या तक्त्यात आज हाच शब्द वापरून पावणेदोन लाखांच्या जवळचा आकडा आहे. दोन्ही सरकारीच. पण न्यायालयापुढे प्रश्न होता तो नामंजुरीनंतर बेदखल कोणाला करायचं याचा. मंत्रालयाचा तक्ता आहे तो प्रक्रियेच्या प्रगतीचा. वर्षांचं अंतर एक भाग झाला. पण कोणत्या पातळीची नामंजुरी मोजली आणि तिच्यावरचं अपील संपलं होतं का, हे ठरल्याशिवाय हे दोन आकडे शेजारी ठेवून वाढ झाली किंवा घट झाली असं लिहिणं चूक आहे. त्या आठवड्यात ज्या घरांना नोटीस येईल की काय अशी भीती होती, त्यांच्यासाठी हा फरक तांत्रिक नव्हता.

आता एक फाइल उघडते. रामटेक तालुक्यात, पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या पट्ट्यातलं एक गाव. माणूस गोवारी समाजाचा, सत्तरीच्या पुढचा. गावात घर, जंगलाच्या कडेला शेत, त्यात धान आणि बांधावर तूर. नागपूरकरांना गोवारी म्हटलं की 23 नोव्हेंबर 1994 आठवतो. मॉरिस कॉलेज टी पॉइंटजवळच्या चेंगराचेंगरीत 114 जण गेले, त्यात बाया-पोरं किती तरी. मागणी अनुसूचित जमातीच्या दर्जाची होती. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. याचा वनहक्काशी थेट संबंध आहे. शेजारच्या गोंड कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा जमिनीवरचा ताबा दाखवावा लागतो. गोवारी कुटुंब मात्र इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करतं, आणि त्याला त्याच तारखेपूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवासही दाखवावा लागतो. मोजायला गेलं तर 1930 पर्यंत मागे जावं लागतं.

फाइलमध्ये दाव्याचा नमुना होता, वनहक्क समितीच्या पडताळणीचा पंचनामा होता, गावातल्या दोन वृद्धांचे लेखी जबाब होते, शेताचा हाताने काढलेला नकाशा होता आणि ग्रामसभेचा दावा मान्य करणारा ठराव होता. शेवटच्या पानावर नामंजुरीचं कारण एका ओळीत: पंचाहत्तर वर्षांच्या ताब्याचा पुरावा सादर केलेला नाही. खाली उपविभागस्तरीय समितीचा शिक्का.

ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण तिच्यात कायदाच बदललेला होता. अधिनियमात 75 वर्षं आहेत ती त्या जंगलात राहण्याची आणि पोटापाण्यासाठी त्यावर अवलंबून असण्याची. जमिनीच्या त्याच तुकड्यावरचा ताबा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा असला तरी पुरतो. आजोबा गावात राहत होते आणि बापाने ते शेत पुढे कधी तरी काढलं, हे कायद्यात बसतं. या ओळीने दोन अटींची एक अट केली आणि ती एवढी कठीण केली की विदर्भातला क्वचितच कुणी ती पूर्ण करेल.

दुसरी गोष्ट पुराव्याची. 2008 च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे आणि त्यात फक्त सरकारी कागद नाहीत. घर, बांध, विहीर, देवस्थान, मसणवट यांसारख्या जमिनीवरच्या खुणा चालतात, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वृद्धांचा लेखी जबाबही चालतो. एकापेक्षा जास्त पुरावे असावेत एवढी अट आहे. 2012 च्या दुरुस्तीने तर स्पष्टच सांगितलं की उपविभागीय किंवा जिल्हा समितीने अमुकच कागद हवा असा हट्ट धरायचा नाही. आमच्याकडच्या जुन्या मध्य प्रांताच्या गावांत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे कागद महसूल दफ्तरात सापडतात, आणि गावाचा रहिवास, चराई, जळाऊ लाकडाचे हक्क सिद्ध करायला ते फार उपयोगी पडतात. पण ते दफ्तर सरकारच्या ताब्यात आहे. सत्तरीच्या माणसाने ते शोधून आणायचं आणि नाही मिळालं की त्याचा दावा पडायचा, असं नियमात कुठेच लिहिलेलं नाही.

तिसरी गोष्ट मला अंगणात कळली. मी विचारलं, नामंजुरीचा कागद तुमच्या हातात कधी पडला?

"कागद तं मले भेटलाच नाही, ताई," ते म्हणाले. "ग्रामसेवकानं सांगतलं का तुमचं नामंजूर झालं. मंग मी कायले जाऊ तिथं?"

त्यांची सून दारात उभी होती. तिने विचारलं, आता काही होतं का, का झालं ते झालं. हा प्रश्न मला आकड्यांच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि सुदैवाने त्याला उत्तर आहे. 2012 च्या दुरुस्तीनुसार दावा नामंजूर केला किंवा त्यात बदल केला, तर कारणांसह निर्णय दावेदाराला कळवावा लागतो, म्हणजे त्याला 60 दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. ही मुदत निर्णय कळवल्यापासून चालते आणि समिती आपल्या अधिकारात ती आणखी 30 दिवस वाढवू शकते. ग्रामसभेची शिफारस फिरवायची असेल तर कारणमीमांसा असलेला आदेश काढावा लागतो. ग्रामसेवकाने बांधावर सांगितलेला निरोप हा तो आदेश नव्हे. कागदच दिलेला नसेल, तर 60 दिवस संपले असं कुणी म्हणू शकत नाही. आणि पडताळणीची, मान्यतेची प्रक्रिया पुरी झाल्याशिवाय वनजमिनीवरून कुणाला काढता येत नाही, हे अधिनियमाच्या कलम 4 मध्येच आहे.

म्हणजे ज्या दावेदाराला नामंजूर रकान्यात टाकलं होतं, तो कायद्याने खरं तर प्रलंबित होता.

राज्याच्या आकड्यात असे किती असतील याचा अंदाज करायची इच्छा होते. मी ती आवरते. एका फाइलवरून टक्केवारी काढणं हे आपलं काम नाही. पण त्या फाइलवरून कोणता प्रश्न विचारायचा ते नक्की ठरतं. जिल्ह्याकडे फक्त नामंजूर किती असं विचारलं की एक आकडा मिळतो. त्याऐवजी मी माहितीच्या अर्जात असं विचारते: नामंजूर दाव्यांपैकी ग्रामसभेची शिफारस असूनही फेटाळलेले किती, त्यातल्या किती दावेदारांना लेखी आदेश दिल्याची पोच आहे, आणि किती दावे फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवले. हा शेवटचा प्रश्न यासाठी की समितीला पुरावा अपुरा वाटला तर थेट फेटाळण्याऐवजी दावा ग्रामसभेकडे परत पाठवण्याची सोय नियमातच आहे. पोचपावतीचा आकडा शून्याच्या आसपास आला, तर त्या जिल्ह्याच्या नामंजूर रकान्यावर भरवसा ठेवता येत नाही, मग बेरीज कितीही बरोबर असो. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी अशी फोडही मागावी लागते, नाही तर गोवारींसारखे समाज त्या बेरजेत कुठे आहेत ते कळतच नाही.

मंजूर रकान्याबद्दलही थोडं सांगते. त्याच गावात दुसऱ्या एका कुटुंबाने हक्काचं मान्यतापत्र काढून दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, नवरा-बायको दोघांची नावं असलेलं. कायद्यात तशीच तरतूद आहे आणि ती मला या कायद्यातली सगळ्यांत सुंदर तरतूद वाटते. दावा होता 2.40 हेक्टरचा. मान्यतापत्रावर क्षेत्र 0.62 हेक्टर. उरलेलं पावणेदोन हेक्टर ते आजही कसतात आणि दर पावसाळ्यात वनरक्षकाशी वाद होतो. तक्त्यात हे कुटुंब मंजूर. नामंजुरीचा एक कण तिथे दिसत नाही, पण मागितलेल्या जमिनीतली जवळपास तीन चतुर्थांश कापली गेली आहे. क्षेत्र कमी करणं हाही निर्णयातला बदलच, आणि त्यालाही कारणांचा आदेश आणि दाद मागण्याची तीच मुदत लागू होते. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पट्टेवाटपाचा कार्यक्रम झाला, फोटो निघाला, सगळे घरी आले. म्हणून मंजूर संख्येबरोबर मागितलेलं क्षेत्र आणि दिलेलं क्षेत्र हे दोन आकडे मागितल्याशिवाय पट्टेवाटपाची बातमी मी आता लिहीत नाही.

राहिला अपिलाचा रस्ता. इथे नागपूरचा नकाशा मधे येतो. जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम, असं मूळ अधिनियम म्हणतो. 18 मे 2020 च्या अधिसूचनेने राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतल्या अधिकारात महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रांसाठी, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर केलेल्या भागांसाठी, त्यात बदल केला आणि जिल्ह्याने नाकारलेल्या दाव्यांवर विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अपील करता येऊ लागलं. त्यामुळे गडचिरोलीतल्या कोरची किंवा भामरागडच्या दावेदाराला आता एक आणखी दार आहे. प्रवास लांबचा, पण दार आहे. नागपूर जिल्ह्यात मात्र अनुसूचित क्षेत्र नाही. त्यामुळे रामटेकच्या गावातून विभागीय आयुक्तालय जवळ असूनही तिथल्या दावेदाराला ही सोय लागू होत नाही. जिल्ह्याने नाही म्हटलं की त्याच्यापुढे उच्च न्यायालयात रिट याचिका एवढाच मार्ग राहतो. वकील, कागदांच्या प्रती, तारखा, दर तारखेला बुडणारी मजुरी. राज्याच्या एकाच नामंजूर रकान्यात दोन दारं असलेले आणि एकच दार असलेले असे दोन्ही दावेदार आहेत, आणि हे सांगायला तक्त्यात जागा नाही. बातमीत ती करावी लागते.

त्या गोवारी कुटुंबाच्या बाबतीत जिल्हा समितीकडे जाण्याआधी करण्यासारखं बरंच होतं. गावातल्या एका शिकलेल्या मुलाने उपविभागीय कार्यालयात लेखी आदेशाच्या प्रतीसाठी अर्ज दिला. सोबत ग्रामसभेचा ठराव, वृद्धांचे जबाब आणि निस्तार पत्रकाच्या नकलेची मागणी जोडली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख पडली. म्हाताऱ्यांनी ती प्रत मला दाखवली तेव्हा मी तारीख वहीत उतरवून घेतली. लेखी उत्तर येईल तेव्हा 60 दिवसांची मोजणी त्या दिवसापासून सुरू होईल, हे मी सुनेला दोनदा सांगितलं, आणि तिने ते भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवलं.